गाळलेला रकाना

माझी सगळी नोकरी डहाणूत अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक मला म्हणाले, आता आराम करा. मला आराम जमत नाही. चार दिवस चिकूच्या वाडीत फिरले, पाचव्या दिवशी गड्याच्या पाट्या मोजायला लागले, तेव्हा घरच्यांनीच हात जोडून मला एका छोट्या संस्थेच्या कार्यालयात नेऊन बसवलं. संस्था डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या काही शाळांमध्ये पहिली-दुसरीच्या मुलांसाठी भाषेचा तास चालवायची. त्या तासाचे आकडे ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पगार नव्हता, पण एक टेबल होतं आणि चहा मिळायचा.

तास कशासाठी, ते सांगते. पाड्यावरची मुलं घरी वारली बोलतात. शाळेत पहिल्याच दिवशी मराठीतलं पुस्तक हातात पडतं. मूल हुशार असतं, बडबडं असतं, आणि वर्गात येऊन गप्प बसतं. म्हणून पाड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी नेमायची. तिने रोज तासभर मुलांना घेऊन बसायचं आणि घरच्या बोलीवरून हळूहळू शाळेच्या मराठीवर आणायचं. पुस्तकातल्या बाईच्या चित्राखाली ‘आई’ लिहिलेलं असलं आणि मुलाने ‘आयस’ वाचलं, तर चूक म्हणायचं नाही. बरोबर, म्हणायचं, शाळेत तिलाच आई म्हणतात.

तास सगळीकडे सारखे नव्हते. आमचा नियम साधा होता: जिथे गरज जास्त तिथे तास जास्त. चिखले, आगर या किनाऱ्याकडच्या गावांत मुलांच्या कानावर मराठी लहानपणापासून असते, बाजारात, देवळात, शेजारी. तिथे आठवड्याला एक तास. तलासरीच्या आत, उधव्याच्या बाजूला पाड्यांवर आठवड्याला पाच. मला हा नियम आवडायचा. अजूनही आवडतो, आणि त्यानेच आमचा घात केला, हेही मला माहीत आहे.

उधव्याकडच्या एका पाड्यावर जी मुलगी तास घ्यायची, तिला मुलं ताई म्हणायची, म्हणून मीही इथे ताईच म्हणते. वय तेवीस-चोवीस. बारावी झालेली. माझ्यापुढे ती वही धरायची तेव्हा मला माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीची लाज वाटायची. प्रत्येक मुलाच्या नावापुढे ते किती तास बसलं, याच्या उभ्या रेघा. ओढ्यापलीकडची मुलं पाणी वाढलं की येत नसत, काही घरं वीटभट्टीवर जात, काही मुलांकडे धाकटं भावंड सांभाळायला असे. त्यामुळे एकाच वर्गात कोणाचे तास भरपूर, कोणाचे अगदी थोडे. वर्षाच्या शेवटी मी जाऊन प्रत्येक मुलाला एक उतारा द्यायची आणि मिनिटभरात ते किती शब्द बरोबर वाचतं ते लिहायची. म्हणजे प्रत्येक मुलाचे दोन आकडे: बसलेले तास आणि वाचलेले शब्द. तिसरा रकाना शाळेचा.

तो तिसरा रकाना मी गाळला. कसा, ते सांगायलाच हवं, कारण त्यात दुष्टपणा नव्हता. मूर्खपणा होता, आणि तोही भलेपणाने केलेला.

त्याच्या आदल्या वर्षी संस्थेने शाळांची यादी भिंतीवर लावली होती, वाचनात पहिली शाळा कोणती, शेवटची कोणती. सगळ्या मुख्याध्यापकांना बोलावलं होतं. उधव्याकडचे, ताईच्याच शाळेतले गुरुजी शेवटून पहिले आले. किनाऱ्याकडचे कोणीतरी हसत म्हणाले, “गुरुजी, दुपारी झोप जरा कमी करा.” सगळे हसले. गुरुजीही हसले, पण चहा न घेता गेले. नंतर ते आणि आणखी दोघं माझ्याकडे आले. म्हणाले, “मॅडम, आकडे घ्या, पण आमच्या शाळेचं नाव चारचौघांत नको. पोरं लांबून येतात, मी काय जादू करू?” मी शब्द दिला. पुढच्या वर्षापासून संस्थेच्या वार्षिक सभेपुढे जाणाऱ्या कागदावर एकाही शाळेचं नाव येणार नाही. आणि मी शब्दाची पक्की. नुसतं नाव झाकलं तर मुलांच्या संख्येवरून लोक शाळा ओळखतात, एवढीही अक्कल मला होती. म्हणून मी रकानाच काढून टाकला आणि मुलांची सरमिसळ केली. त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते मी.

आमचे अध्यक्ष म्हणजे मोठ्या वाडीचे मालक, सत्तरीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. माणूस वाईट नाही. पाड्यावरच्या कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर स्वतःची गाडी काढतात. पण त्यांच्या नातवाने त्यांना संगणकावर आलेख काढायला शिकवलं होतं. सभेच्या सकाळी त्यांनी माझा कागद घेतला आणि स्वतःच आलेख काढून पडद्यावर दाखवला. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर शब्द, प्रत्येक मूल एक ठिपका. मग एक बटण दाबलं आणि सगळ्या ठिपक्यांमधून संगणकाने एक रेघ ओढली.

रेघ डावीकडून उजवीकडे खाली गेली.

काका सावकाश म्हणाले, “म्हणजे जेवढे तास जास्त, तेवढं वाचन कमी?”

मला एका क्षणात कळलं काय झालंय. इतकी वर्षं हे फळ्यावर शिकवलं नसलं तरी वाचलेलं होतं. सोपे आकडे घेऊन सांगते. समजा किनाऱ्याच्या शाळेत तीन मुलं आहेत. ती दहा, पंधरा आणि वीस तास बसली आणि पन्नास, पंचावन्न, साठ शब्द वाचू लागली. पाड्यावरच्या शाळेत तीन मुलं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास तास बसली आणि पंधरा, वीस, पंचवीस शब्द वाचू लागली. दोन्ही शाळांत पाच तास वाढले की पाच शब्द वाढतात. दोन्हीकडे रेघ वर जाते. आता शाळा पुसा आणि सहाही ठिपके एका कागदावर ठेवा. कमी तासांचे तिघे वर डावीकडे, जास्त तासांचे तिघे खाली उजवीकडे. मधून रेघ ओढलीत तर ती खालीच उतरणार. ती रेघ तासाबद्दल काही सांगतच नाही. ती फक्त एवढं सांगते की ज्यांची सुरुवात मागून झाली, त्यांना आपण जास्त तास दिले. ते तर आम्हीच ठरवून केलं होतं.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि मी उभीही राहिले. “काका, ही रेघ फसवी आहे. यात वेगवेगळे गट आहेत. प्रत्येक गटाची रेघ वेगळी काढली तर—”

“कोणते गट?” काका म्हणाले.

समोर दुसऱ्या रांगेत उधव्याकडचे गुरुजी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी दिलेला शब्द आठवला. “आहेत, सुरुवातीला पुढे असलेली मुलं आणि मागे असलेली,” असं मी काहीतरी पुटपुटले.

“मागे असलेली मुलं तर सगळीकडेच असतात, मॅडम,” कोणीतरी म्हणालं.

“मुलांना आयतं मिळालं की ती मेहनत करत नाहीत,” दुसरं कोणी म्हणालं. तिसऱ्याचं मत पडलं की घरच्या बोलीत शिकवल्यामुळे मुलं तिथेच अडकतात. पाच मिनिटांत खोलीतल्या प्रत्येकाकडे त्या रेघेचं कारण तयार होतं. मी मात्र खरं कारण हातात घेऊन गप्प उभी होते. चिडायचं कोणावर? माझा संताप मलाच भाजत होता.

सभा संपल्यावर मी रात्र जाऊ दिली नाही, त्याच दुपारी घरून मूळ वही आणली. शाळांचे रंग केले: किनारा निळा, आतल्या शाळा लाल, केशरी, हिरव्या. प्रत्येक रंगाची वेगळी रेघ. सगळ्या वर. कुठे जास्त चढ, कुठे कमी, पण एकही खाली नाही. ते घेऊन मी काकांच्या घरी गेले आणि एकटे असतील तेव्हा दाखवते म्हणून व्हरांड्यात बसून राहिले.

काकांनी नीट पाहिलं. मान्य करते, त्यांनी ऐकूनही घेतलं, दोनदा. म्हणाले, “म्हणजे तास चांगलाच आहे.”

“चांगला असावा असं हे आकडे सांगतात,” मी म्हणाले. मला खोटंही बोलायचं नव्हतं. ज्या घरातलं मूल रोज येतं, त्या घरात कदाचित शिक्षणाची ओढच जास्त असेल, मग वाचनात तिचाही वाटा आलाच. “पण तासामुळे वाचन कमी होतं, हे मात्र साफ चूक आहे.”

“बरं.” त्यांनी बोट निळ्या ठिपक्यांवर ठेवलं. “प्रत्येक शाळेत फायदा होतो. मग ही निळी मुलं बघा ना. एवढ्याशा तासांत कुठल्या कुठे. यांना पाच तास दिले तर?”

मी म्हणाले, “काका, ती वर आहेत ती तासामुळे नाहीत. ती आधीपासूनच वर आहेत. तुम्ही रेघ कुठे आहे ते बघू नका, किती चढते ते बघा. लाल रेघ निळीइतकीच चढते.”

“चढते, पण पोचते कुठे?” ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “संस्थेला मदत देणाऱ्यांना मी पत्र पाठवलंय, मॅडम. सभा संपल्या संपल्याच. खाली जाणाऱ्या रेघेसकट. आता परत लिहू, की आमच्या मॅडम नावं गाळून बसल्या?”

मी माझे कागद गोळा केले. त्यांनी मला चिकू दिले, पिशवी भरून. आमच्या वाडीत चिकूंचा खच पडलेला असतो हे त्यांना ठाऊक होतं, तरी दिले. मी घेतले.

आठवड्याने निर्णय आला. आतल्या पाड्यांवरचे तास बंद. किनाऱ्याच्या शाळांत आठवड्याला पाच. तास घेणाऱ्या मुलींना कामावरून काढायचं नाही, ज्यांना यायचं त्यांनी किनाऱ्याला यावं. यातल्या प्रत्येक वाक्यामागे चांगुलपणा होता, आणि ते वाचून मला रडू आलं.

ताईला सांगायला मीच गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण ते भ्याडपणाचं झालं असतं. उधव्याच्या फाट्यावरून पुढे चालत गेले. ती शाळेच्या ओट्यावर मुलांना घेऊन बसली होती. एक मुलगी, पहिलीतली, पुस्तक छातीशी धरून वाचत होती. प्रत्येक शब्दाआधी ताईकडे बघायची. ताई भुवया उचलायची, बस. मुलगी पुढे वाचायची. तास संपेपर्यंत मी झाडाखाली थांबले.

मग सांगितलं. ओट्यावरच खडूने सहा ठिपके काढून दाखवले, आधी दोन शाळा वेगळ्या, मग एकत्र. तिला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सभेत एवढी मोठी माणसं होती, त्यांना मी हे ठिपके दाखवू शकले नव्हते.

“म्हणजे आमची पोरं मागे होती म्हणून मी रोज बसवली,” ती म्हणाली. “आणि आता लिहिलंय की मी रोज बसवली म्हणून ती मागे पडली.”

“हो.”

“मॅडम, तुम्हाला तर माहीत होतं ना कोणतं पोर कुठलं?”

“माहीत होतं.”

“मग कागदावर का नव्हतं?”

मी गुरुजींची गोष्ट सांगितली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. “गुरुजी चांगले आहेत,” एवढंच म्हणाली आणि पायाने ठिपके पुसले, मुलांनी उद्या विचारू नये म्हणून.

गुरुजी स्वतः पुढच्या महिन्यात कार्यालयात आले. खुर्चीवर टेकले, पाणी प्याले. “मॅडम, घ्यायचं होतं की माझं नाव. काय व्हायचं होतं? हसले असते, एवढंच.” मी म्हणाले, मी शब्द दिला होता. ते म्हणाले, “हो, मीच मागितला होता.” मग आम्ही दोघं पावसाबद्दल बोललो.

ताई किनाऱ्याला यायला लागली. दोन गाड्या बदलून चिखल्याला. घरी तिच्या कमाईची गरज होती, मी कोणत्या तोंडाने तिला नको म्हणणार होते? तिथे मुलांना तिचा लळा लागला, आणि ती मुलंही आणखी चांगली वाचू लागली. तास होताच तसा. पाड्यावर सुट्टीच्या दिवशी ती थोडा वेळ मुलांना घेऊन बसायची, पण आठवडाभराच्या प्रवासाने थकलेली असायची, हळूहळू तेही सुटलं. मी काकांना तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही हुशार आहात, पण आता एक वर्ष होऊन जाऊ द्या.”

वर्ष झालं. परीक्षा घ्यायला मीच गेले, पाड्यावरच्या शाळेतही. तास नसले तरी वाचन मोजायचं, हे मी हट्टाने मंजूर करून घेतलं होतं. आकडे मिळाले तर कोणाला तरी दिसेल, या आशेवर. ओट्यावर वाचणारी ती मुलगी आता दुसरीत होती, उंच झाली होती. मी उतारा समोर ठेवला आणि घड्याळ सुरू केलं. तिने पहिला शब्द वाचला. दुसऱ्या शब्दाआधी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. परीक्षा घेणाऱ्याने भुवई उचलायची नसते, मदत करायची नसते, हा नियम मीच केलेला. मी खाली घड्याळाकडे बघत राहिले. मिनिट संपेपर्यंत तिने पाच शब्द वाचले. गेल्या वर्षी एकवीस वाचले होते. मी पाच लिहिलं, तासांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शाळेच्या रकान्यात शाळेचं नाव.

या वेळी मी एकही रकाना गाळला नाही. गेल्या वर्षीसारखेच शाळांचे रंग केले आणि शब्द मोडल्याबद्दल गुरुजींची आधीच माफी मागितली. सभेच्या दिवशी काकांनी पडद्यावर आलेख लावला. पाड्यांवरच्या मुलांचे लाल, केशरी, हिरवे ठिपके सगळे डाव्या कोपऱ्यात तळाला, शून्य तास. किनाऱ्याचे निळे उजवीकडे वर, भरपूर तास. मला कळायच्या आत काकांनी बटण दाबलं आणि सगळ्या ठिपक्यांमधून एकच रेघ ओढली.

रेघ सरळ वर गेली. गेल्या वर्षी कुठल्याही शाळेची गेली नव्हती एवढी उभी.

“बघा,” काका खुर्चीतून उठून म्हणाले, “आपण बदल केला आणि तास लागू पडला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, सगळं श्रेय मॅडमच्या आकड्यांना. मी उठून सांगायला लागले की ही रेघही तितकीच फसवी आहे, की गेल्या वर्षी जास्त तास मागे असलेल्यांना होते म्हणून ती खाली होती, आणि या वर्षी पुढे असलेल्यांना आहेत म्हणून ती वर आहे. की रंग बघा, मी रंग केलेत. काकांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. “मॅडम, खाली गेली तरी तुम्हाला पटत नाही, वर गेली तरी पटत नाही.” सगळे हसले. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिला पुढे बोलावून सगळ्यांसमोर नारळ दिला, चिखल्याच्या मुलांच्या प्रगतीबद्दल. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. ते सगळे ठिपके तिला नावानिशी माहीत होते.